फोंडा ते पणजी आणि परत: सरासरी चाल ताशी ३६ किलोमीटर, सरासरी वेग शून्य

फोंड्याहून दुचाकीने पणजीला जाऊन पुन्हा फोंड्याला परतलेल्या माणसाची सरासरी चाल ताशी ३६ किलोमीटर होती आणि सरासरी वेग शून्य होता, ही दोन्ही विधाने एकाच प्रवासाबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात. नववीच्या विज्ञानात मुले हे उत्तर लिहायला शिकतात आणि त्याचे गुणही मिळवतात. पण बऱ्याच जणांच्या मनात ते शून्य पाठ केलेल्या नियमासारखे राहते, आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की डळमळू लागते. म्हणून येथे एकच प्रवास घेऊन त्याचा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. ते शून्य हिशेबातून आपोआप कसे बाहेर येते हे एकदा दिसले की ते पाठ करावे लागत नाही.

फोंड्याहून पणजीकडे जाणारा रस्ता फर्मागुढी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई आणि भोम करत बाणस्तारीच्या पुलापर्यंत पोहोचतो आणि तेथून जुने गोवे, रायबंदर करत पणजीत शिरतो. नकाशावर पाहिले तर ही वाट सरळ नाही हे लगेच लक्षात येते. बाणस्तारीपर्यंत ती बरीचशी उत्तरेकडे चढत जाते आणि पूल ओलांडल्यावर पश्चिमेकडे वळते. या रस्त्याची लांबी साधारण ३० किलोमीटर भरते, पण नकाशावर फोंडा आणि पणजी या दोन ठिपक्यांना पट्टी लावून मोजले तर अंतर सुमारे २२ किलोमीटरच निघते. चाकाखालून जी लांबी प्रत्यक्ष गेली तिला आपण कापलेले अंतर म्हणतो. सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतच्या सरळ रेषेची लांबी आणि तिची दिशा ही दोन्ही मिळून विस्थापन होते. फोंड्याहून पणजीला जाताना कापलेले अंतर ३० किलोमीटर असते आणि विस्थापन पणजीच्या दिशेने २२ किलोमीटर असते. येथे दिशा सांगणे हा उपचार नाही, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

आता प्रवासाची वेळ ठरवू. सकाळी कामावर जाण्याच्या गर्दीत ३० किलोमीटर जायला ६० मिनिटे लागली आणि परत येताना रस्ता मोकळा असल्यामुळे तेवढ्याच वाटेला ४० मिनिटे पुरली, असे धरू. जातानाची सरासरी चाल ताशी ३० किलोमीटर झाली, आणि येतानाची, ३० किलोमीटरला दोन तृतीयांश तास, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर झाली. मधला पणजीतला मुक्काम तूर्त बाजूला ठेवू, त्याकडे पुढे येऊच.

संपूर्ण फेरीची सरासरी चाल किती, असे विचारले की पहिले उत्तर बहुतेक वेळा साडेसदतीस येते, कारण ३० आणि ४५ यांची बेरीज करून दोनने भागण्याची सवय आपल्या हाताला लागलेली असते. ते उत्तर चुकीचे आहे. सरासरी चाल म्हणजे एकूण कापलेले अंतर भागिले एकूण लागलेला वेळ. दुसरी कोणतीही व्याख्या नाही. एकूण अंतर ६० किलोमीटर, एकूण वेळ १०० मिनिटे, म्हणून सरासरी चाल ताशी ३६ किलोमीटर. ताशी दीड किलोमीटरचा हा फरक का पडला, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण याच जागी पुढे वेगाचाही उलगडा होणार आहे.

साडेसदतीस हे उत्तर तेव्हाच बरोबर आले असते, जेव्हा दुचाकी ताशी ३० च्या चालीने आणि ताशी ४५ च्या चालीने सारखाच वेळ धावली असती. प्रत्यक्षात ती हळू चालीने ६० मिनिटे धावली आणि जलद चालीने फक्त ४० मिनिटे. जाताना आणि येताना अंतर सारखे असले की हळू जाणाऱ्या टप्प्याला जास्त वेळ लागणे अटळच आहे, आणि म्हणून त्या टप्प्याचे वजन सरासरीत जास्त पडते. हे वजन लावून हिशेब केला तर १०० पैकी ६० मिनिटे ३० आणि ४० मिनिटे ४५ असे होते. ३० गुणिले ६० म्हणजे १८००, ४५ गुणिले ४० म्हणजेही १८००, बेरीज ३६००, भागिले १०० म्हणजे ३६. दोन्ही टप्प्यांचा गुणाकार सारखाच आला, याचेही कारण आहे: चाल गुणिले वेळ म्हणजे अंतर, आणि दोन्ही वेळचे अंतर एकच होते. जाऊन-येऊन केलेल्या प्रवासाची सरासरी चाल दोन्ही चालींच्या साध्या सरासरीहून नेहमी कमीच भरते, आणि दोन्ही चाली अगदी सारख्या असतील तरच ती तिच्याइतकी होते.

याचा एक परिणाम अनेकांना पटायला जड जातो. समजा जाताना ताशी ३० नेच गेलो आणि ठरवले की परतताना इतके जोरात यायचे की संपूर्ण फेरीची सरासरी ताशी ६० व्हावी. ६० किलोमीटरची फेरी ताशी ६० च्या सरासरीने पुरी करायला एकूण एक तास मिळतो, आणि तो पूर्ण एक तास जातानाच खर्च झालेला आहे. परतीसाठी एक मिनिटही शिल्लक नाही, म्हणून परतीची चाल कितीही वाढवली तरी ती सरासरी गाठता येणार नाही.

आता पणजीतल्या मुक्कामाचे पाहू. पणजीत २० मिनिटे थांबलो तर एकूण वेळ १२० मिनिटे होतो आणि सरासरी चाल ताशी ३० वर येते. कचेरीत आठ तास बसलो तर ६० किलोमीटरला नऊ तास चाळीस मिनिटे लागली असे होऊन सरासरी चाल ताशी सहा किलोमीटरच्या थोडी वर राहते. यातले कोणते उत्तर बरोबर, असा प्रश्न विचारणाऱ्याला आधी विचारावे लागते की सरासरी कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतची हवी आहे. सरासरी नेहमी एका कालावधीची असते, आणि त्या कालावधीत गाडी उभी असली तरी घड्याळ चालूच असते. गणितात ‘वाटेत अर्धा तास थांबली’ असे लिहिलेले असूनही मुले तो अर्धा तास सोडून देतात, हे उत्तरपत्रिकांमध्ये फार वेळा दिसते. केवळ चालू असतानाची सरासरी हवी असेल तर प्रश्नात तसे स्पष्ट म्हटलेले असले पाहिजे.

चालीचा हिशेब येथवर झाला. आता वेगाकडे वळू, आणि दोन्ही टप्पे आधी वेगवेगळे पाहू. सरासरी वेग म्हणजे विस्थापन भागिले लागलेला वेळ. जाताना विस्थापन पणजीच्या दिशेने २२ किलोमीटर आणि वेळ एक तास, म्हणून सरासरी वेग पणजीच्या दिशेने ताशी २२ किलोमीटर. येताना विस्थापन फोंड्याच्या दिशेने २२ किलोमीटर आणि वेळ दोन तृतीयांश तास, म्हणून सरासरी वेग फोंड्याच्या दिशेने ताशी ३३ किलोमीटर. येथे एक गोष्ट आधीच दिसते: एका बाजूच्या प्रवासातही चाल आणि वेग यांचे आकडे सारखे नाहीत. जाताना एकीकडे ३० आणि दुसरीकडे २२ आहेत. म्हणजे या दोन राशींमधला फरक फक्त परत फिरल्यामुळे पडतो असे नाही. रस्ता जेथे जेथे वळतो तेथे तेथे तो थोडा थोडा पडतच असतो. परत फिरणे हे सर्वांत मोठे वळण आहे, इतकेच.

पणजीची दिशा अधिक आणि फोंड्याची दिशा उणे धरू. जातानाचा सरासरी वेग अधिक २२ आणि येतानाचा उणे ३३ झाला. रस्ता मध्ये कितीही वळणांचा असला तरी दोन्ही टप्प्यांचे विस्थापन त्याच एका सरळ रेषेवर, फक्त उलट दिशांना आहे, म्हणून येथे अधिक-उणे चिन्हांनी काम भागते. आता या दोन वेगांची साधी सरासरी काढून पाहा. अधिक २२ आणि उणे ३३ यांची बेरीज उणे ११, तिचे निम्मे उणे साडेपाच. हे तर शून्य नाही! वर्गात हे फळ्यावर मांडले की मुलांमध्ये चुळबुळ सुरू होते, आणि ती योग्यच असते. एका मुलीने विचारले होते, “सर, म्हणजे येताना जोरात आल्यामुळे सरासरी वेग उरला का?” प्रश्न चांगला आहे, कारण तो चुकीच्या उत्तराच्या मुळाशी जातो, आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे.

उणे साडेपाच हा खरोखर सरासरी वेग असता तर त्याचा अर्थ असा झाला असता की फोंड्याहून निघून १०० मिनिटे सतत त्या वेगाने गेले असता दुचाकी जेथे पोहोचली तेथेच पोहोचता आले पाहिजे. ताशी साडेपाचच्या वेगाने १०० मिनिटांत साधारण नऊ किलोमीटर जाणे होते, आणि दिशा उणे आहे, म्हणजे पणजीच्या विरुद्ध. त्या उत्तराप्रमाणे प्रवासी फोंड्याच्या पलीकडे, पूर्वेच्या अंगाला नऊ किलोमीटरवर असायला हवा होता. तो तर आपल्या घराच्या अंगणात उभा आहे. सरासरी वेगाचे उत्तर तपासण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे: आलेला वेग एकूण वेळेने गुणावा आणि प्रवासी प्रत्यक्ष जेथे आहे ती जागा येते का ते पाहावे. जागा चुकली तर वेगही चुकला.

चूक कोठे झाली हे आता उघड आहे, कारण तीच चूक आपण चालीच्या बाबतीत पाहिली. साध्या सरासरीत दोन्ही वेगांना सारखे वजन दिले गेले, पण एक वेग ६० मिनिटे टिकला आणि दुसरा ४० मिनिटे. योग्य वजन लावू. २२ गुणिले ६० म्हणजे अधिक १३२०. ३३ गुणिले ४० म्हणजे १३२०, आणि चिन्ह उणे. बेरीज शून्य, आणि ती १०० ने भागली तरी शून्यच. येताना वेग दीडपट झाला होता, पण तो जेवढ्या पटीने वाढला तेवढ्याच पटीने वेळ कमी झाला, आणि दोन्ही टप्प्यांचे गुणाकार तंतोतंत सारखे आले. सारखे येणे हा योगायोग नाही. वेग गुणिले वेळ म्हणजे विस्थापन, आणि जेवढे विस्थापन जाताना झाले तेवढेच उलट दिशेने येताना झाल्याशिवाय माणूस घरी पोहोचतच नाही. परतीला ४० मिनिटे लागोत, ४ तास लागोत किंवा मध्ये एक मुक्काम पडो, प्रवासी निघाल्या जागी परत आला असेल तर शून्य ठरलेलेच असते. चालीच्या हिशेबात दोन गुणाकार, १८०० आणि १८००, दोन्ही अधिक असल्यामुळे एकमेकांत मिळवले गेले. वेगाच्या हिशेबात १३२० आणि १३२० एकमेकांतून वजा झाले. एक सरासरी शून्य येते आणि दुसरी येत नाही, हा फरक या एका चिन्हाचा आहे.

बँकेच्या पासबुकाशी याची तुलना करता येते. महिनाभरात खात्यात १५ हजार जमा झाले आणि १५ हजार काढले गेले, तर शिल्लक जेथे होती तेथेच राहते, आणि तरीही खात्यातून ३० हजारांचे व्यवहार झालेले असतात. शिल्लक न बदलणे आणि व्यवहार न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाची दुसरी बाजू अशी की वेग शून्य म्हणजे गाडी हललीच नाही असा अर्थ होतो का. तसा होत नाही, कारण सरासरी वेग हा वाटेत काय घडले याचे वर्णन करतच नाही. तो एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो: त्याच जागेहून त्याच वेळी निघून, एकाच दिशेने आणि एकाच वेगाने सतत जाणारा दुसरा कोणी त्याच क्षणी त्याच ठिकाणी पोहोचायचा असेल, तर त्याचा वेग किती असावा लागेल? फेरी पुरी करणाऱ्यासोबत शेवटी फोंड्यात हजर असण्यासाठी त्या दुसऱ्याला फोंड्यातच बसून राहणे भाग आहे, म्हणून उत्तर शून्य येते. सरासरी चालीचा प्रश्न वेगळा आहे. तेवढ्याच लांबीची वाट तेवढ्याच वेळात एकसारख्या चालीने पुरी करायची तर ती चाल किती असावी, इतकेच ती विचारते. पेट्रोल किती जळेल, टायर किती झिजतील, पणजीला पोहोचायला किती वाजता निघावे, यांसाठी चाल उपयोगी पडते. अमुक वेळानंतर वस्तू कोठे सापडेल हे सांगायचे असेल तर मात्र वेगच लागतो.

दुचाकीवरचा काटा या सगळ्यात काय दाखवतो, हा प्रश्न येथे यायलाच हवा. काटा त्या क्षणीची चाल दाखवतो. कोणत्याही एका क्षणी चालीचे मूल्य आणि वेगाचे मूल्य सारखेच असते. त्या क्षणी काटा ताशी ४५ दाखवत असेल तर त्या क्षणीचा वेगही ताशी ४५ असतो, फक्त त्याला दिशा जोडलेली असते. असे असूनही दोन सरासरी वेगळ्या निघतात, कारण एका क्षणी दिशा एकच असते, पण लांब कालावधीत दिशा बदलते आणि बदललेल्या दिशांचे वेग एकमेकांना काही प्रमाणात खोडतात. म्हणूनच सरासरी चाल ही सरासरी वेगाच्या मूल्याहून कधीही कमी नसते, आणि दोन्ही सारख्या येण्यासाठी प्रवास सरळ रेषेत आणि न फिरता झालेला असावा लागतो.

ही खोडाखोड फेरी संपल्यावर एकदम होते असेही नाही. फोंड्याहून निघाल्यापासूनच्या एकूण प्रवासाचा सरासरी वेग वाटेत वेगवेगळ्या क्षणी काढत गेले तर तो हळूहळू ओसरताना दिसतो. पणजीला पोहोचताना तो ताशी २२ होता. परतीच्या वाटेवर २० मिनिटांनी, म्हणजे निघाल्यापासून ८० मिनिटांनी, दुचाकी अर्ध्या वाटेवर बाणस्तारीच्या आसपास असते आणि तेथून फोंडा सरळ रेषेत साधारण ११ किलोमीटर धरता येतो. ११ किलोमीटरला ८० मिनिटे म्हणजे सरासरी वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास उतरला, आणि दिशाही पणजीची राहिली नाही, ती आता फोंड्याकडून बाणस्तारीकडे, म्हणजे बरीचशी उत्तरेची झाली. त्याच क्षणी सरासरी चाल मात्र ४५ किलोमीटरला ८० मिनिटे या हिशेबाने ताशी ३३ किलोमीटर ७५० मीटर झाली आहे. घर जवळ येते तसा सरासरी वेग आणखी घटतो, आणि दारात शून्य होतो. सरासरी चाल या प्रवासात वाढत जाऊन ३६ वर थांबते.

निघाल्या जागी परत येणे म्हणजे काय, हे जमिनीवर उघड असते, पण पाण्यात ते तितके उघड राहत नाही, आणि मांडवीवर याचे चांगले उदाहरण मिळते. जुने गोवेच्या धक्क्याहून एक होडी ओहोटीच्या वेळी पणजीच्या दिशेने साडेसात किलोमीटर जाऊन लगेच परत येते असे समजा. होडीची पाण्यातली चाल ताशी १२ किलोमीटर आणि ओहोटीचा प्रवाह ताशी ३ किलोमीटर, आणि तो पूर्ण वेळ तसाच राहिला असे धरू. प्रत्यक्षात भरती-ओहोटीचा प्रवाह सतत बदलत असतो, पण मुद्दा समजायला एवढे पुरे. जाताना प्रवाहाची मदत मिळून काठाच्या हिशेबाने चाल ताशी १५ होते आणि साडेसात किलोमीटरला ३० मिनिटे लागतात. येताना प्रवाह आडवा येतो, चाल ताशी ९ वर येते आणि तेवढ्याच अंतराला ५० मिनिटे लागतात. एकूण १५ किलोमीटरला ८० मिनिटे, म्हणजे सरासरी चाल ताशी सव्वाअकरा. प्रवाहाने एकदा मदत केली आणि एकदा अडवले, म्हणून फिटंफाट होऊन चाल १२ च राहील असे वाटते, पण अडवणूक ५० मिनिटे चालली आणि मदत ३० मिनिटेच मिळाली. वेळेचे वजन येथेही तेच काम करते.

धक्क्यावर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीने या होडीचा सरासरी वेग शून्य आहे. आता त्याच होडीकडे पाण्याच्या बाजूने पाहू. होडी निघताना धक्क्याजवळ एक नारळ पाण्यात पडला आणि प्रवाहाबरोबर वाहत गेला. ८० मिनिटांत तो चार किलोमीटर खाली पोहोचला. पाण्याच्या हिशेबाने होडी ३० मिनिटे ताशी १२ ने खाली गेली, म्हणजे सहा किलोमीटर, आणि ५० मिनिटे ताशी १२ ने वर आली, म्हणजे दहा किलोमीटर. नारळापासून ती आता चार किलोमीटर वरच्या बाजूला आहे. पाण्याच्या संदर्भात तिचे विस्थापन शून्य नाही आणि सरासरी वेगही शून्य नाही. तो प्रवाहाविरुद्ध ताशी ३ किलोमीटर आहे. सरासरी चालही काठाच्या हिशेबाने सव्वाअकरा आणि पाण्याच्या हिशेबाने १२ अशी वेगळी येते. फेरी पूर्ण झाली असे आपण म्हणतो तेव्हा ती कशाच्या संदर्भात पूर्ण झाली हे गृहीत धरलेले असते. रस्त्यावरच्या प्रवासात तो संदर्भ जमिनीचा असतो आणि तो सांगायची गरज पडत नाही. नदीवर, विमानात किंवा चालत्या रेल्वेच्या डब्यात फेऱ्या मारणाऱ्याच्या बाबतीत तो सांगावाच लागतो.

हे सारे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर मोबाइलमधील प्रवास नोंदवणारे एखादे अ‍ॅप पुरते, पण त्याचे आकडे वाचताना एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. उपग्रहांवरून ठरवलेली जागा काही मीटरांनी इकडे-तिकडे सरकत असते, अगदी मोबाइल टेबलावर ठेवलेला असला तरीही. समजा पणजीत कचेरीत बसले असताना नोंद चालूच राहिली आणि अ‍ॅपला मोबाइल दर मिनिटाला पाच मीटर हलल्याचे भासले. आठ तासांत ४८० मिनिटे होतात, म्हणजे २४०० मीटरचे खोटे अंतर जमा झाले, आणि ६० किलोमीटरची फेरी ६२.४ किलोमीटरची दिसू लागली. उजवीकडची सरक आणि डावीकडची सरक अंतराच्या हिशेबात एकमेकांना खोडत नाहीत, दोन्ही मिळवल्या जातात. म्हणूनच अनेक अ‍ॅप अगदी लहान हालचाली मुद्दाम गाळतात. विस्थापनात मात्र पहिली आणि शेवटची अशा दोनच नोंदी धरल्या जातात, आणि मधल्या आठ तासांच्या थरथरीचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. चूक राहिलीच तर ती त्या दोन नोंदींतल्या काही मीटरांची. दहा तासांच्या आसपासच्या कालावधीने ते काही मीटर भागले की सरासरी वेग व्यवहारात शून्यच येतो.

उलट दिशेची चूकही होते. बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप अर्ध्या अर्ध्या मिनिटाने जागा नोंदवत असेल तर दोन नोंदींमधला रस्ता ते सरळ रेषेने जोडते, वळणे कापली जातात आणि अंतर खऱ्याहून कमी भरते. घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर ही तूट चांगलीच जाणवते. कापलेले अंतर किती बारकाईने मोजले यावर सरासरी चाल थोडीफार बदलत राहते; सरासरी वेगासाठी मात्र प्रवास कोठे सुरू झाला, कोठे संपला आणि मध्ये किती वेळ गेला, एवढेच कळणे पुरेसे असते.